वजन ९२ किलो, मग प्रोटीन किती? लीन मासवरून हिशेब कसा करायचा

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एक काकू गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. मुलाच्या जिममधल्या ट्रेनरनं लिहून दिलेली. "वजन ९२, प्रोटीन रोज १८४ ग्रॅम." किलोमागे दोन ग्रॅम, एवढाच त्यामागचा हिशेब. काकू शाकाहारी, घरात अंडंही येत नाही. तरी त्यांनी आठवडाभर पावडर, पनीर, डाळ सगळं करून पाहिलं. पोट गच्च झालं, शौचाला त्रास सुरू झाला आणि वजन अर्धा किलो वाढलं. "मॅडम, एवढं खायचं तर बारीक कधी व्हायचं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

१८४ ग्रॅम प्रोटीन नुसत्या डाळीतून घ्यायचं म्हटलं, तर आठशे ग्रॅमहून जास्त कोरडी डाळ लागते. त्यातूनच अडीच हजारांहून जास्त कॅलरी पोटात जातात आणि काकूंची दिवसभराची गरज आहे १९०० च्या आसपास. पनीरमधून घ्यायचं तर जवळजवळ एक किलो पनीर. चूक काकूंच्या इच्छाशक्तीत नव्हती, गुणाकारात होती. किलोमागे दोन ग्रॅम हा आकडा बारीक, व्यायाम करणाऱ्या माणसांसाठी आहे, आणि त्याला गुणलं होतं अशा वजनाला, ज्यातलं जवळजवळ निम्मं चरबी आहे.

ज्यांचं वजन खूप जास्त आहे आणि ते कमी करायला ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे, त्यांनी हा हिशेब कसा करावा ते मी काकूंचेच आकडे घेऊन दाखवते. एक वही, कॅल्क्युलेटर आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एवढं पुरे.

हिशेबाआधी एक रिपोर्ट

रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन. लठ्ठपणाबरोबर मधुमेह आणि रक्तदाब बऱ्याचदा असतात आणि दोन्ही किडनीवर परिणाम करतात, तेही काही न दुखता. ईजीएफआर ६० च्या खाली असेल किंवा लघवीतून अल्ब्युमिन जात असेल, तर इथला आकडा वापरू नका. अशा वेळी प्रोटीन वाढवायचं नसतं, बहुतेकदा मर्यादेत ठेवायचं असतं, आणि ती मर्यादा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. गरोदर बाया आणि पायांवर किंवा पोटात पाणी साठलेले रुग्ण यांनाही हा हिशेब लागू नाही. त्यांच्या वजनात बाळाचा किंवा पाण्याचा भार असतो आणि सूत्राला ते कळत नाही.

काकूंना मधुमेह नव्हता, रिपोर्ट स्वच्छ होते. म्हणून पुढे गेलो.

लीन मास म्हणजे काय

शरीराच्या वजनातून चरबी वजा केली की जे उरतं, ते लीन मास. स्नायू, यकृत, किडनी, आतडी, हाडं, रक्त आणि पाणी सगळं त्यात आलं. प्रोटीनची मोडतोड आणि नवी बांधणी रोज चालते ती मुख्यत्वे याच भागात. चरबीच्या पेशीही जिवंत असतात, पण त्यांची प्रोटीनची भूक फार थोडी. म्हणून वजन ६० वरून ९२ वर गेलं की गरज त्याच पटीत वाढत नाही.

मात्र वाढलेलं सगळं वजन चरबीच असतं असंही नाही. जास्त भार रोज उचलून पायांचे, पाठीचे स्नायू थोडे वाढतात, रक्ताचं प्रमाण वाढतं. साधारणपणे वाढलेल्या वजनाचा पावएक हिस्सा लीन असतो. म्हणून उंचीप्रमाणे 'आदर्श वजन' काढून त्यावरून प्रोटीन ठरवलं तर आकडा थोडा कमी पडू शकतो, आणि एकूण वजनावरून ठरवलं तर फार जास्त होतो. लीन मासचा आकडा या दोघांच्या मधे बसतो.

आकडा काढायचा

लीन मास काढायची सूत्रं बरीच आहेत. त्यातलं एक जुनं, जेम्सचं सूत्र अजून कित्येक कॅल्क्युलेटरमध्ये दिसतं. त्याची अडचण अशी की वजन एका मर्यादेपलीकडे गेलं की ते लीन मास उलटं कमी दाखवू लागतं. म्हणून मी जनमहासतियन आणि सहकाऱ्यांचं २००५ चं सूत्र वापरते. ते करतानाच जास्त वजनाची माणसं त्यात धरली होती.

```
बायका : ९२७० × वजन ÷ (८७८० + २४४ × बीएमआय)
पुरुष : ९२७० × वजन ÷ (६६८० + २१६ × बीएमआय)
वजन किलोत. बीएमआय = वजन ÷ (उंची मीटरमध्ये × उंची मीटरमध्ये)
```

काकूंची उंची १५४ सेंमी, म्हणजे १.५४ मीटर. तिचा वर्ग २.३७. ९२ ला २.३७ ने भागलं की बीएमआय ३८.८. सूत्रात खालचा भाग होतो ८७८० अधिक ९४६७, म्हणजे १८,२४७. वरचा भाग ९२७० गुणिले ९२, म्हणजे ८,५२,८४०. भागाकार आला ४६.७. आपण ४७ किलो धरू. म्हणजे ९२ पैकी ४५ किलो चरबी.

उंची मोजताना चप्पल काढा आणि भिंतीला टाच लावून मोजा. आधार कार्ड काढताना सांगितलेली उंची नको. वय झाल्यावर उंची एक-दोन सेंटीमीटर कमी होते आणि बीएमआय त्यावर लगेच हलतो.

घरात चरबी दाखवणारा वजनकाटा असेल तर त्याचं काय, हा प्रश्न येतोच. काकूंकडेही होता. सकाळी तो ४१ टक्के चरबी दाखवायचा, संध्याकाळी ४४. तो काटा एका पायातून बारीक विद्युतप्रवाह सोडतो, तो कंबरेखालून वळून दुसऱ्या पायातून परत येतो. पोटातली चरबी त्याच्या वाटेत फारशी येतच नाही. शिवाय जास्त वजनात शरीरातल्या पाण्याची वाटणी बदललेली असते, त्यामुळे असे काटे लीन मास जास्त दाखवण्याकडे झुकतात. दोन आकडे वेगळे आले तर मी लहान घेते. यामागे आणखी एक कारण आहे. ही सूत्रं आपल्या लोकांवरून बांधलेली नाहीत, आणि तेवढ्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी जास्त असते. डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी, हाडं आणि बाकीचं शरीर वेगवेगळं मोजणारा स्कॅन, केला असेल तर मात्र त्याचाच आकडा घ्या.

डेक्साची खरी गरज पडते ती वेगळ्या माणसांना. आपल्या बडोद्यात आखाड्यांची परंपरा जुनी आहे. तरुणपणी वर्षानुवर्षं जोर-बैठका मारलेला आणि अजूनही मेहनत करणारा ११० किलोचा पुरुष, आणि त्याच उंचीचा, दिवसभर गादीवर बसणारा ११० किलोचा दुकानदार, या दोघांना सूत्र एकच लीन मास सांगेल. पहिल्याला ते कमी पडेल, दुसऱ्याला जास्त होईल.

कितीने गुणायचं

इथे बहुतेकांची गफलत होते. लीन मास काढतात आणि त्याला एकूण वजनासाठी असलेला आकडा लावतात, ०.८ किंवा १. काकूंनी तसं केलं असतं तर आले असते ३८ ग्रॅम, जे धोकादायक कमी आहेत. आयसीएमआरच्या पोषण संस्थेनं २०२० मध्ये निरोगी माणसासाठी दिलेला आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, पण तो किलो एकूण वजनाचा, आणि माणूस साधारण बांध्याचा. अशा बाईच्या शरीरात पाव भाग तरी चरबी असते. म्हणजे तिच्या एक किलो वजनात लीन पाऊण किलो. ०.८३ ला ०.७५ ने भागलं की लीन मासच्या किलोमागे १.१ ग्रॅम होतात. हा तळ झाला, वजन स्थिर ठेवणाऱ्यांसाठी.

वजन कमी करताना शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं, म्हणून प्रोटीन जास्त लागतं. साधारण बांध्यासाठी तेव्हा १.२ ते १.५ सांगतात. तसंच ०.७५ ने भागा. उत्तर येतं १.६ ते २.०. म्हणून नियम असा: खाणं कमी करत असाल तर लीन मासला १.६ ने गुणा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करत असाल तर २.० पर्यंत जा.

काकू व्यायाम म्हणून संध्याकाळी कमाटीबागेत फिरायच्या, तेवढाच. ४७ गुणिले १.६, म्हणजे ७५ ग्रॅम. चिठ्ठीतल्या १८४ पेक्षा निम्म्याहून कमी.

आकडा पडताळायची सोपी रीत सांगते. उंचीच्या वर्गाला २३ ने गुणा. काकूंचं येतं ५४.५ किलो, हे त्यांच्या उंचीला शोभणारं वजन. त्याला १.२ आणि १.५ ने गुणलं तर ६५ आणि ८२. आपले ७५ या दोघांच्या मधे आले, म्हणजे हिशेबात घोळ नाही. तुमचा आकडा या पट्ट्याच्या फार बाहेर गेला तर बीएमआय पुन्हा काढा. बहुतेकदा उंची मीटरऐवजी सेंटीमीटरमध्ये टाकलेली असते.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी मी हे पडताळणं उलट वापरते. वय झालं की स्नायू आधीच झिजलेले असतात, लीन मास कमी येतो आणि त्यावरून प्रोटीनही कमी येतं. ज्याला स्नायू कमी आहेत त्यालाच कमी प्रोटीन, असा उलटा न्याय होतो. त्यांच्यासाठी शोभणाऱ्या वजनाच्या १.२ पटीखाली मी कधी जात नाही, सूत्र काहीही म्हणो.

७५ ग्रॅम ताटात कसे आणायचे

मी काकूंना पहिलं काम दिलं ते आमटी मोजायचं. घरात चार माणसं आणि रोज एक मूठभर तूरडाळ शिजते. ती मूठ काट्यावर ठेवली तर भरली ७० ग्रॅम. चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाटणीला साडेसतरा ग्रॅम डाळ, आणि तूरडाळीत शंभरात सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे वाटीत चार ग्रॅमही नाही. काकू तोवर एका वाटीचे दहा ग्रॅम धरत होत्या. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात बहुतेक पाणी असतं. म्हणून डाळ, कडधान्य, सोया, पीठ नेहमी कोरडं मोजा. शिजलेल्याचं वजन पाण्याप्रमाणे रोज बदलतं.

सेवउसळीचंही तेच. उसळ म्हणजे प्रोटीन असं समजून इथं कितीतरी जण नाश्त्याला तीच खातात. एका प्लेटमध्ये कोरडा वाटाणा जास्तीत जास्त ४०-५० ग्रॅमचा असतो, म्हणजे आठ-दहा ग्रॅम प्रोटीन. ते खरंच आहे. पण त्याबरोबर तर्रीचं तेल, मूठभर शेव आणि दोन-तीन पाव येतात. घरी तोच वाटाणा कमी तेलात करा, शेव चिमूटभर घ्या आणि पावाऐवजी काकडी-कांदा घ्या. मग ती उसळ हिशेबात बसते.

काकूंचा दिवस आम्ही असा बसवला. सकाळी ५० ग्रॅम मुगाची डाळ भिजवून वाटलेली दोन धिरडी, १२ ग्रॅम प्रोटीन, आणि पेलाभर टोन्ड दूध, ६ ग्रॅम. आधी त्या पोहे खायच्या, ज्यात जेमतेम चार ग्रॅम यायचे. दुपारी ६० ग्रॅम कणकेचे फुलके, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि दीडशे ग्रॅम दही, मिळून १९. चारच्या चहाबरोबर चवाण्याऐवजी ३० ग्रॅम फुटाणे, ६. रात्री ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, घट्ट वरण २५ ग्रॅम डाळीचं आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी, मिळून २५. झोपताना पुन्हा पेलाभर दूध, ६. बेरीज ७४. भाज्या आणि मोजलेलं चार चमचे तेल धरून दिवसाच्या कॅलरी १५०० ते १६०० मध्ये राहिल्या. पावडरचा डबा मुलाकडे गेला.

यात सगळ्यात जास्त काम सोयावड्या करतात. कोरड्या वजनाच्या निम्मं प्रोटीन आणि चरबी जवळजवळ नाही. त्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळल्या की वास जातो, नाहीतर घरातलं कुणी दुसऱ्यांदा खात नाही. ज्यांना सोया चालत नाही त्यांनी रात्री ८० ग्रॅम पनीर घ्यावं, पण मग तेल दोन चमच्यांनी कमी करावं. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्या घरांना हे सगळं सोपं जातं. एका अंड्यात साडेसहा ग्रॅम असतात.

प्रोटीन एकाच जेवणात कोंबू नका. दर जेवणात १८-२५ ग्रॅम असं वाटून खाल्लं तर पोटही भरलेलं राहतं. आणि कडधान्य अचानक दुप्पट केलं तर गॅस होतो, म्हणून तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पाणी आणि पालेभाजीही बरोबर वाढवा, नाहीतर काकूंना पहिल्या आठवड्यात झाला तसा शौचाचा त्रास होतो.

आकडा बरोबर आहे हे कशावरून

वजनकाटा चरबी गेली की स्नायू गेले ते सांगत नाही. म्हणून मी एक साधी परीक्षा घेते. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. गुडघे दुखत असतील तर करू नका. हा आकडा दर महिन्याला वहीत लिहा, कंबरेच्या मापाशेजारी. वजन आणि कंबर उतरतेय आणि खुर्चीचा आकडा टिकतोय किंवा वाढतोय, तर प्रोटीन पुरतंय. वजन आठवड्याला किलोपेक्षा जास्त वेगानं पडतंय आणि खुर्चीचा आकडाही पडतोय, तर स्नायू जाताहेत. तेव्हा आधी कॅलरीची कपात सैल करा, मग गुणक १.६ वरून १.८ करा. दोन-तीन महिन्यांनी अचानक केस गळू लागणं ही त्याची उशिरा येणारी खूण असते, पण थायरॉइड किंवा लोहाच्या कमतरतेनंही केस गळतात, म्हणून रक्त तपासून घ्या. भूक कमी करणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांनी या परीक्षेकडे जास्त लक्ष द्यावं. त्यांचं ताट आपोआप लहान होतं आणि पहिली कमी होते ती डाळ-उसळच.

वजन उतरल्यावर आकडा बदलू नका

चार महिन्यांनी काकू ८४ किलोवर आल्या आणि त्यांनी स्वतःच सूत्र पुन्हा चालवलं. लीन मास आला ४४.७. "आता ७२ ग्रॅमच पुरे ना?" त्यांनी विचारलं.

सूत्रातला हा बारीक धोका बऱ्याच जाणकारांच्याही लक्षात येत नाही. सूत्रानं काकूंचे स्नायू मोजलेले नाहीत. ८४ किलोच्या, तेवढ्याच उंचीच्या बायकांचा सरासरी लीन मास किती असतो, एवढंच ते सांगतं. आठ किलो उतरले त्यातले दोन किलो लीन गेले, असं ते परस्पर गृहीत धरतं. आपण जे होऊ नये म्हणून प्रोटीन खातोय, तेच झालं असं मानून आकडा कमी करतं. आणि दर वेळी कमी करत गेलो तर कदाचित ते खरंही करून दाखवेल. म्हणून वजन उतरत असताना सुरुवातीचाच ग्रॅमचा आकडा धरून ठेवायचा. नव्यानं हिशेब करायचा तो वजन दोन-तीन महिने एका जागी थांबल्यावर, आणि तेव्हा गुणकही उतरवता येतो, १.६ वरून १.३ पर्यंत.

काकूंचा खुर्चीचा आकडा पहिल्या महिन्यात ९ होता, तो आता १३ झाला होता. फ्रिजवर लावलेल्या कागदावर ७५ तसाच ठेवला. फक्त त्याखाली सुनेनं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहे: डाळ चौघांना १०० ग्रॅम, मुठीनं नाही, काट्यानं.